टेबलावरचा क्यूआर: चालू हिशेब, आयटमवार बिल आणि जागेवर पेमेंट

प्रश्न: आमचं २२ टेबलांचं फॅमिली रेस्टॉरंट आहे. प्रत्येक टेबलावर क्यूआर लावायचा, पार्टीला मोबाइलवर चालू हिशेब आणि आयटमवार बिल दिसलं पाहिजे आणि तिथेच पैसे भरून उठता आलं पाहिजे, असं डोक्यात आहे. पण छापलेला कोड तर एकच असतो, मग त्यात दर वेळी वेगळं बिल कसं येतं? आणि नेमकं कुठे फसायला होतं?

उत्तर:

हॉटेलांमध्ये बिलिंग बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि टेबलावरचे कोड गेली काही वर्षं सातत्याने. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. छापलेल्या कोडमध्ये बिल नसतं आणि रक्कमही नसते. त्यात फक्त टेबलाचा पत्ता असतो, साधारण असा:

```
https://pay.example.in/t/k7Qm2xV9
```

शेवटची अक्षरं ही त्या टेबलाची खूण. पार्टीने कोड स्कॅन केला की मोबाइल हा पत्ता उघडतो. पलीकडचा सर्व्हर खुणेवरून ओळखतो की हे तुमच्या हॉटेलचं ९ नंबरचं टेबल आहे, आणि तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला विचारतो, "९ नंबरवर आत्ता कोणती ऑर्डर चालू आहे?" तिथून उत्तर येतं, त्याचा गाभा एवढाच असतो:

```
{
  "table": "9",
  "order_id": "48213",
  "status": "open",
  "version": 6,
  "payable": "1643.00"
}
```

यासोबत आयटमची यादी येते आणि पानावर हिशेब दिसतो. म्हणजे कोड वर्षभर तोच राहतो आणि त्यामागची ऑर्डर बदलत राहते. गल्ल्याजवळ ठेवलेला नेहमीचा यूपीआयचा कोड वेगळा. त्यात `upi://pay` ने सुरू होणारी ओळ असते, `pa` मध्ये दुकानाचा यूपीआय आयडी असतो आणि रक्कम ग्राहक स्वतः टाकतो. त्या कोडला टेबलही माहीत नसतं आणि बिलही. त्यामुळे कुणी तुम्हाला टेबलावर तसा कोड चिकटवून देऊन "टेबल पेमेंट बसवलं" म्हणत असेल, तर ते फक्त पैसे घेण्याचं साधन आहे, हिशेब दाखवण्याचं नाही.

खूण `1`, `2`, `3` अशी क्रमाने ठेवू नका. ठेवलीत, तर पत्त्यातला आकडा बदलून कुणीही शेजारच्या टेबलाचा हिशेब पाहू शकतो, अगदी घरी बसूनसुद्धा. वरच्यासारखी आठ-दहा अक्षरांची, अंदाज न लागणारी खूण हवी.

आता फसतं कुठे, ते सांगतो. माझ्या अनुभवात दोनच सांधे निखळतात. पहिला टेबल आणि चालू ऑर्डर यांच्यामधला, दुसरा आलेले पैसे आणि ऑर्डर बंद होणं यांच्यामधला. पान कसं दिसतं, रंग कोणता, लोगो कुठे, यावर बैठकांमध्ये तासन्‌तास जातात. हे दोन सांधे मात्र कुणी विचारत नाही, आणि मग पहिल्याच रविवारी काउंटरवर गोंधळ होतो.

पहिल्या सांध्यापासून सुरू करू. चालू हिशेबात काय दिसतं? केओटी पंच झाली तेवढंच. कॅप्टनने तोंडी घेतलेली, वहीत लिहिलेली, पण अजून सिस्टीममध्ये न टाकलेली ऑर्डर पानावर येत नाही. तुमच्याकडे कॅप्टन हातातल्या टॅबवर किंवा मोबाइलवर जागेवरच पंच करत असतील तर अंतर काही सेकंदांचं असतं. पण पुष्कळ ठिकाणी गर्दीच्या वेळी कॅप्टन किचनला आवाज देऊन आयटम काढतो आणि चार टेबलांच्या केओट्या एकदम पंच करतो. अशा वेळी पार्टीने सोलकढी पिऊन संपवलेली असते आणि हिशेबात ती नसते. पैसे भरायचं बटण तेव्हा चालू असेल, तर पार्टी प्रामाणिकपणे दिसेल तेवढी रक्कम भरून निघून जाते, आणि राहिलेल्या आयटमवरून कॅप्टनला बोलणी बसतात. चूक पार्टीची नसते आणि एकट्या कॅप्टनचीही नसते.

म्हणून तुमच्यासारख्या, वेटर ऑर्डर घेतो अशा जागी माझा आग्रह असतो की चालू हिशेब केव्हाही दिसू द्या, पण पैसे भरायचं बटण कॅप्टनने बिल काढल्यावरच उघडा. पार्टी पानावर "बिल हवं" दाबते, कॅप्टनला सूचना जाते, तो टेबलाकडे एक नजर टाकतो, राहिलेलं पंच करतो आणि बिल पक्कं करतो. त्या क्षणी बिल क्रमांक पडतो आणि ऑर्डरला कुलूप लागतं. यात अर्धा-एक मिनिट जातो आणि तो सत्कारणी लागतो. ज्या कॅफेत ग्राहक स्वतःच मोबाइलवरून ऑर्डर टाकतो, तिथे ही पायरी लागत नाही, कारण पंच न झालेलं तिथे काही असतच नाही.

जीएसटीच्या दृष्टीनेही ही पायरी बरोबर आहे. चालू हिशेब म्हणजे टॅक्स इनव्हॉइस नव्हे. त्याला क्रमांक नसतो आणि त्यातला आयटम रद्द होऊ शकतो. पानावर तेव्हा "चालू हिशेब, अंतिम बिल नाही" असं स्वच्छ लिहिलेलं असावं. बिल पक्कं झाल्यावर त्यावर बिल क्रमांक, तारीख, जीएसटी क्रमांक आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक दिसलाच पाहिजे. एफएसएसएआय क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे, आणि मोबाइलवरचं बिलही बिलच असतं.

आता एक बिल जवळून पाहू. ९ नंबरवर तिघं बसलेत. मटण थाळी दोन, ४२० प्रमाणे ८४०. व्हेज कोल्हापुरी एक, २६०. भाकरी चार, ३० प्रमाणे १२०. जिरा राइस एक, १६५. आणि तीन सोलकढी, ६० प्रमाणे १८०. धरून चला की पाणी साधंच घेतलंय. बेरीज १,५६५. साध्या रेस्टॉरंटला १५ नोव्हेंबर २०१७ पासून इनपुट क्रेडिटशिवाय ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे २.५ टक्के सीजीएसटी आणि २.५ टक्के एसजीएसटी. १,५६५ चे २.५ टक्के होतात ३९.१२५. बिलिंग सॉफ्टवेअर प्रत्येकी ३९.१३ धरतं, दोन्ही मिळून ७८.२६. एकूण १,६४३.२६, राउंड ऑफ उणे ०.२६, द्यायचे १,६४३.

आता पान बनवणाऱ्याने करासाठी स्वतःचं गणित मांडलं आणि सरळ ५ टक्के काढले, तर ७८.२५ येतात. एका पैशाचा फरक. इथे राउंड ऑफने तो गिळला जातो, पण तुम्ही राउंड ऑफ बंद ठेवला असेल तर पान १,६४३.२५ म्हणतं आणि बिलिंग १,६४३.२६. पार्टी पानावरची रक्कम भरते, बिलिंगच्या मते एक पैसा बाकी राहतो, आणि टेबल बंदच होत नाही. हा एक पैसा शोधण्यात मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. म्हणून नियम पक्का ठेवा: पानाने काहीही मोजायचं नाही. आयटमची रक्कम, कर, सूट, राउंड ऑफ, सगळं बिलिंगकडून तयार यावं आणि जसंच्या तसं दिसावं. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर बिलावर कर लावताच येत नाही, मग पानावर जीएसटीची ओळही नको. परमिट रूम असेल तर दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिचा व्हॅट वेगळा. तिथे पानावर जेवणाचं आणि दारूचं अशी दोन बिलं वेगवेगळी दिसावीत, पैसे भले एकदम भरू द्या.

सर्व्हिस चार्ज आपोआप जोडायचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. टिपचा पर्याय ठेवायला हरकत नाही, पण सुरुवातीला तिथे शून्य असलं पाहिजे. आधीच ५० रुपये निवडून ठेवलेलं पान मला कुणी दाखवलं की मी ते काढायला लावतो. पार्टीला न विचारता बिलात रक्कम सरकवण्याचाच तो प्रकार आहे.

पुन्हा टेबल आणि ऑर्डरच्या सांध्याकडे येतो, कारण सर्वात लाजिरवाणे प्रसंग इथे घडतात. एका हॉटेलात आम्ही कोड लावले आणि आठवड्याच्या आत मालकांचा फोन आला. दोघं जण मिसळ-चहा घेऊन बसले होते आणि पानावर १,९०० रुपयांचं जेवण दिसत होतं. कोड बरोबर, सर्व्हर बरोबर, नेट बरोबर. कारण गल्ल्यावर होतं. आधीच्या पार्टीने रोख पैसे दिले होते, पण काउंटरवरचा मुलगा रोखीची टेबलं जेवणाची गर्दी ओसरल्यावर एकदम सेटल करायचा. सिस्टीमच्या दृष्टीने जुनी पार्टी अजून टेबलावरच होती. कोड नसताना या सवयीने काही बिघडत नव्हतं, कारण ती स्क्रीन फक्त काउंटरवाल्याला दिसायची. कोड लावल्यावर तीच स्क्रीन पार्टीच्या हातात गेली. त्या मुलाला मी दोष दिला नाही, ही गोष्ट बसवताना आम्हीच विचारायला हवी होती. आता मी कोड लावायच्या आधी दोन जेवणाच्या वेळा काउंटरशेजारी उभा राहून पाहतो की पैसे हातात आल्यावर किती वेळाने टेबल सेटल होतं.

उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. काउंटरवर रोख आली की लगेच सेटल. आणि पानावर टेबल नंबर, टेबल उघडल्याची वेळ आणि माणसांची संख्या ठळक दिसावी, म्हणजे "टेबल ९, ८.१० पासून, ३ जण". आपलं नसेल तर पार्टीला पहिल्या नजरेतच कळतं. तिसरी गोष्ट, एकदा पान उघडलं की ते त्या ऑर्डरच्या क्रमांकाला बांधलं जावं, टेबलाच्या नंबरला नव्हे. म्हणजे जेवून गेलेल्या माणसाने घरी जाऊन तेच पान पुन्हा उघडलं, तरी त्याला त्याचीच पावती दिसेल, नंतर बसलेल्यांचा हिशेब दिसणार नाही.

पार्टी एसीत हलली की टेबल ट्रान्सफर सिस्टीममध्येही व्हायला हवं. कॅप्टन माणसं हलवतो, पाण्याचे ग्लास हलवतो आणि ऑर्डर जुन्या टेबलावरच राहते, हे दर शनिवारी घडतं. दहा जणांसाठी दोन टेबलं जोडली तर दोन्ही कोडवरून एकच ऑर्डर उघडली पाहिजे. सॉफ्टवेअर घेताना हे समोर करून दाखवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी टेबल मर्ज केलं की दुसरा कोड "टेबल रिकामं आहे" म्हणतो.

आणि कोड उभ्या स्टँडवर ठेवू नका. टेबल पुसताना मुलं स्टँड उचलतात, एका ट्रेमध्ये गोळा करतात आणि परत ठेवताना ९ चा स्टँड १० वर जातो. कोड टेबलालाच चिकटवा, वर टेबल नंबर मोठ्या अक्षरात छापा. तीन-चार सेंटीमीटरचा चौकोन पुरतो, पत्ता छोटा असेल तर कोडमधले ठिपके मोठे येतात आणि मंद उजेडातही पटकन स्कॅन होतो. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते, मॅट घ्या. रोज सकाळी झाडलोट झाली की एका मुलाने सगळे कोड हाताने चाचपून, एकेक स्कॅन करून पाहावेत. कुणी वरून आपला कोड चिकटवला असेल तर कड हाताला लागते. पार्टीसाठीही खूण सोपी आहे: स्कॅन केल्यावर आपले आयटम न दिसता थेट रक्कम टाकायला सांगितली, तर तो कोड तुमचा नाही.

आता दुसरा सांधा, पैसे. पार्टीने "भरा" दाबलं की सर्व्हरने लगेच पेमेंट सुरू करायचं नाही. आधी बिलिंगला पुन्हा एकदा विचारायचं की ४८२१३ ची बाकी अजून १,६४३ च आहे ना. वरच्या उत्तरातला `version` त्यासाठीच असतो. ऑर्डरमध्ये काहीही बदललं की तो आकडा वाढतो. पार्टीच्या पानावर ६ आहे आणि बिलिंगमध्ये ७ झालाय, तर पान ताजं करून नवी रक्कम दाखवायची आणि पुन्हा विचारायचं. वरच्या उत्तरात `payable` मध्ये `1643.00` आलंय, आणि पेमेंट गेटवेकडे जाताना बऱ्याच ठिकाणी तेच पैशांमध्ये, म्हणजे `164300` असं लिहावं लागतं. हे विसरलं की १६ रुपये ४३ पैशांची मागणी जाते. चाचणीत एक खरं पेमेंट करून बँकेत किती जमा झाले ते बघा, त्याशिवाय सुरू करू नका.

मग मोबाइलवरचं यूपीआय ॲप उघडतं, रक्कम आधीच भरलेली असते, पार्टी नाव बघते आणि पिन टाकते. इथून निकाल दोन वाटांनी येतो. एक वाट पार्टीच्या मोबाइलवरून: ॲप परत पानावर आणतं आणि "झालं" म्हणतं. दुसरी वाट गेटवेकडून थेट सर्व्हरला येणारा निरोप, ज्याला वेबहुक म्हणतात. पहिल्या वाटेवर कधीही विसंबू नका. पार्टी पिन टाकून ॲप बंद करते, फोन येतो, बॅटरी संपते, आणि निरोप वाटेतच राहतो. शिवाय मोबाइलवरचं हिरवं चिन्ह बनावटही असू शकतं. टेबल बंद करायचं ते फक्त वेबहुक आल्यावर, त्यावरची सही तपासून आणि रक्कम जुळवून. वेबहुक मिनिटभरात आला नाही, तर सर्व्हरने स्वतः गेटवेला स्थिती विचारायची. आणि तोच निरोप दोनदा येऊ शकतो, हेही धरून चालायचं. पेमेंटचा क्रमांक आधी नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा जमा धरायचं नाही. नाहीतर एकाच्या पैशात दोघांचा वाटा फिटलेला दिसतो.

तिघांनी बिल वाटून घ्यायचं ठरवलं. १,६४३ भागिले तीन म्हणजे ५४७.६६ आणि वर काहीतरी. सगळ्यांना ५४७.६७ लावले तर एक पैसा जास्त होतो, सगळ्यांना ५४७.६६ लावले तर दोन पैसे कमी पडतात आणि टेबल उघडंच राहतं. म्हणून पहिल्या दोघांना ५४७.६७ आणि शेवटच्याला जी बाकी असेल ती, म्हणजे ५४७.६६. इथे एक फरक नीट समजून घ्या. हे पैशांचे तीन वाटे आहेत, बिलाचे नव्हेत. बिल एकच, क्रमांक एकच, त्यावर तीन पेमेंट. कुणाला कंपनीच्या नावाने वेगळं बिल हवं असेल तर बिल पक्कं करण्याआधीच कॅप्टनने ऑर्डर फोडायला हवी.

समजा पहिल्याने ५४७.६७ भरले आणि दुसरा म्हणाला, "अजून एक सोलकढी आणा." बिल पक्कं झालंय, त्यावर पैसेही आलेत. आता ते उघडून त्यात ६० रुपये घुसवू नका. मग पहिल्याने वाटा कमी भरला की जास्त, हा वाद सुरू होतो, आणि क्रमांक पडलेलं बिल बदलण्याची सवय ही मालकाच्या नुकसानीची सुरुवात असते. त्याच टेबलावर दुसरी ऑर्डर उघडा: सोलकढी ६०, कर १.५० अधिक १.५०, एकूण ६३. पानावर दोन ओळी दिसतील, पहिल्या बिलाची बाकी १,०९५.३३ आणि नवं बिल ६३. यासाठी पानाला एका टेबलावर दोन ऑर्डरी दाखवता आल्या पाहिजेत. सॉफ्टवेअरवाल्याला हे आधीच विचारा, कारण कित्येक पानं फक्त शेवटची ऑर्डर दाखवतात आणि पहिलीची बाकी नजरेआड होते.

दोघांनी एकाच वेळी पूर्ण बिल भरायला घेतलं तर? आपल्याकडे "मी देतो, मी देतो" चालतंच, आणि दोघांच्याही हातात फोन असतो. एकाने पेमेंट सुरू केलं की ती रक्कम चार-पाच मिनिटं राखून ठेवायची आणि दुसऱ्याच्या पानावर "पैसे भरले जात आहेत" असं दाखवायचं. मुदत संपली की बाकी पुन्हा मोकळी. तरीही मुदतीनंतर उशिरा पैसे येऊ शकतात. तेव्हा सिस्टीमने ते निमूटपणे जिरवू नयेत, "जास्त जमा" म्हणून वेगळे दाखवावेत आणि ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवावेत. रोख परत देऊ नका, नंतर नोंद जुळत नाही.

सर्वात अवघड वेळ म्हणजे पार्टीच्या खात्यातून पैसे गेले आणि तुमच्याकडे "प्रलंबित" दिसतंय. अशा वेळी पार्टीला दारात अडवून पुन्हा भरायला लावू नका. तिच्या यूपीआय ॲपमध्ये १२ आकडी संदर्भ क्रमांक दिसतो, तो बिलावर लिहून घ्या आणि गेटवेच्या स्क्रीनवर त्याच क्रमांकाने शोधा. बहुतेक वेळा काही मिनिटांत स्थिती कळते. पैसे तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत गेले पाहिजेत, आणि पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे कॅप्टनला माहीत असेल तर तो पार्टीशी शांतपणे बोलू शकतो. बिल मात्र उघडंच ठेवा, "यूपीआय प्रलंबित" या नावाने, रोखीत सेटल करू नका.

तुमचं बिलिंग काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर चालतं की क्लाउडवर, तेही बघा. कॉम्प्युटरवर असेल आणि नेट गेलं, तर सर्व्हरकडे जुना हिशेब राहतो. पानावर "शेवटचं अपडेट ८.४२" असं दिसावं आणि मिनिटाभरापेक्षा जुना हिशेब असेल तर पैसे भरायचं बटण आपोआप बंद व्हावं. तेव्हा छापील बिल आणि काउंटरवरचा कोड हे जुने मार्ग चालू असलेच पाहिजेत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी तर ते कायमच हवेत. आणि हिशेब पाहण्यासाठी मोबाइल नंबर मागू नका. बिल बघायला नंबर कशाला, असं पार्टी विचारते, आणि तिचं बरोबर असतं.

सुरुवात २२ टेबलांवर एकदम करू नका. काउंटरवरून नजर पोचेल अशी चार टेबलं घ्या आणि दोन शनिवार-रविवार चालवा. रोज रात्री गल्ला बंद करताना तीन याद्या शेजारी ठेवा: बिलिंगमध्ये "टेबल यूपीआय" म्हणून सेटल झालेली बिलं, गेटवेकडे जमा दिसणारी पेमेंट, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत आलेली एकत्रित रक्कम. जुळवणी रकमेवरून नको, ऑर्डर क्रमांकावरून करा, कारण १,६४३ ची दोन बिलं एकाच रात्री होतात. गेटवेकडे आहे आणि बिलिंगमध्ये नाही असं निघालं, तर वेबहुक पोचलेला नाही. बिलिंगमध्ये आहे आणि गेटवेकडे नाही असं निघालं, तर कुणीतरी मोबाइलवरचं हिरवं चिन्ह बघून हाताने टेबल बंद केलंय. त्या रात्री ज्याने बंद केलं त्याच्याशी बोला, आणि "टेबल यूपीआय" हाताने सेटल करण्याची मुभा फक्त मॅनेजरकडे ठेवा.